प्लिए आणि तांद्यू

चौदाव्या लुईने १६६१ साली पॅरिस येथे नृत्याची शाही अकादमी स्थापन केली. नृत्यातील हालचालींना तेथे शिस्त लागली, आणि बॅलेची परिभाषा फ्रेंचच राहिली. रशियातील नर्तकीलाही गुरूची आज्ञा त्याच शब्दांत मिळते. वस्तुतः यांतील बरेच शब्द म्हणजे फ्रेंच व्याकरणातील साधी धातुसाधिते होत.

'प्लिए' म्हणजे वाकवलेले. पाय खुब्यापासून बाहेर वळवून उभे राहावयाचे व पाठ सरळ ठेवून गुडघे वाकवावयाचे. अर्ध्या प्लिएत टाचा जमिनीवरच राहतात आणि गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने उघडतात. खरी अडचण येथेच आहे. खुबा पुरेसा वळत नसता उतावळा विद्यार्थी नुसती पावलेच बळाने वळवतो; मग गुडघे आत झुकतात, पावलाची कमान अंगठ्याकडे कलंडते व गुडघ्याच्या सांध्याला पीळ बसतो. उडी प्लिएतून निघते व प्लिएतच विसावते. तेव्हा हा दोष प्रत्येक उडीबरोबर शरीराला भोगावा लागतो.

'तांद्यू' म्हणजे ताणलेले. गुडघा न वाकवता पाऊल जमिनीवरून घासत न्यावयाचे: प्रथम टाच सुटते, मग चवडा, शेवटी बोटांची टोके तेवढी टेकलेली राहतात. परतताना क्रम उलटा. सर्व भार उभ्या पायावर हवा. तो तसा आहे की नाही हे पाहण्यास ताणलेला पाय एकाएकी उचलावयास सांगावे. शरीर डगमगले, तर भार दोन्ही पायांत वाटला गेला होता असे समजावे.