फरियापुकुरच्या गल्लीतून शील्डपर्यंत : मोहन बागानची वाटचाल

उत्तर कलकत्त्यात फरियापुकुर भागात कीर्ती मित्र यांचा एक वाडा होता, मोहन बागान व्हिला. वाड्याच्या आवारात मोहल्ल्यातली पोरं फुटबॉल खेळायची. मित्र, सेन आणि बसू या तीन घराण्यांतल्या मंडळींनी त्या पोरांना हाताशी धरून 15 ऑगस्ट 1889 रोजी बलराम घोष स्ट्रीटवर भूपेंद्रनाथ बसू यांच्या घरी बैठक घेतली आणि क्लबाची स्थापना केली. नाव वाड्याचंच ठेवलं. आमच्या विक्रोळीत कन्नमवार नगरात ज्यांनी कबड्डीचं मंडळ चालवलंय, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. मैदान कुणाच्या तरी मेहरबानीवर, अध्यक्ष मोहल्ल्यातलाच एखादा वजनदार माणूस आणि खेळाडू आजूबाजूच्या चार गल्ल्यांतले.

क्लबाचं पहिलं नाव ‘मोहन बागान स्पोर्टिंग क्लब’ असं होतं. वर्षभरानंतरच्या समारंभाला प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक रो आले. तुमच्याकडे ना मासेमारी, ना नेमबाजी, मग ‘स्पोर्टिंग’ कशाला म्हणवता, असं त्यांनी विचारलं. त्यांच्याच सुचवण्यावरून नावात ‘अॅथलेटिक’ आलं. किस्सा छोटा असला तरी मला महत्त्वाचा वाटतो. इंग्रजांकडून शिकलेला खेळ ही मंडळी इंग्रजांच्याच रीतीने, नियमाला धरून खेळायला निघाली होती. नंतरची वीस वर्षं ते त्याच बाण्याने वागले.

मैदानाचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. वाड्यावरून श्यामपुकुर, तिथून श्याम स्क्वेअर आणि शेवटी कलकत्त्याच्या मोठ्या मैदानावर प्रेसिडेन्सी कॉलेजशी वाटून घेतलेली जागा, अशी त्यांची फिरस्ती चालली. पहिला करंडक हाती यायला स्थापनेनंतर पंधरा वर्षं लागली. तो 1904 चा कूचबिहार कप. पुढच्याच वर्षी चिनसुऱ्याला ग्लॅडस्टन कपच्या अंतिम सामन्यात समोर डलहौसी क्लब होता. कलकत्त्यातल्या गोऱ्यांचा हा संघ आणि त्या वर्षीचा आयएफए शील्डचा विजेता. मोहन बागानने त्याला 6–1 असं धुतलं. मग 1906, 1907 आणि 1908 अशी सलग तीन वर्षं ट्रेड्स कप त्यांचाच होता.

या निकालांमागे शैलेन बसू यांची मेहनत होती. ते क्लबाचे सचिव. लष्करात सुभेदार-मेजर राहिलेले असल्यामुळे त्यांनी पोरांना फौजी शिस्त लावली. संघ निवडून सामन्याला उतरवला की काम झालं, असं त्या काळी बहुतेक देशी क्लब मानत. बसूंनी धावण्याचा आणि दम वाढवण्याचा सराव सुरू केला. त्याचं कारण साधं होतं. गोऱ्या पलटणींचे खेळाडू रोज कवायत करणारे, अंगापिंडाने भक्कम, पायात बूट घातलेले. आपली माणसं अनवाणी. पहिल्या अर्ध्यात देशी पोरं चपळाईने नाचवायची आणि दुसऱ्या अर्ध्यात दम संपला की धक्क्याने आडवी व्हायची. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि बसूंना तेच थांबवायचं होतं.

अनवाणी खेळण्याबद्दल नेहमी भावनेच्या अंगाने लिहिलं जातं. खेळाच्या अंगाने पाहिलं तर त्याचे फायदे आणि तोटे दोन्ही होते. उघड्या पायाला चेंडू कळतो. तो अलगद थांबवता येतो, जवळच्या जवळ ठेवता येतो, छोट्या पासवर खेळ बांधता येतो. पण लांबवर जोरात मारायचं म्हटलं की बूटवाला वरचढ ठरतो. चेंडूसाठी दोन पाय एकत्र पडले की नडगी आणि बोटं कुणाची सोलणार, हे सांगायला नको. आणि पाऊस झाला की मग तर पंचाईतच. चिखलात बुटाला पकड मिळते, उघडा पाय घसरतो. शील्डचे सामने व्हायचे ते नेमके जुलैत. म्हणून मोहन बागानचा सगळा खेळ असा घडवलेला होता की अंगाला अंग भिडायच्या आत चेंडू पुढच्या माणसाकडे गेलेला असावा.

या खेळाचा गाभा म्हणजे शिबदास आणि विजयदास हे भादुरी बंधू. शिबदास कर्णधार, डाव्या बगलेला. विजयदास त्याच्या शेजारी आतल्या बाजूला. दोघं दिसायला एकसारखे. ऐन सामन्यात ते जागा बदलत आणि शिबदासवर नजर ठेवायला नेमलेला बचावपटू भलत्याच भावामागे धावत राही, असं सांगतात.

1909 साली मोहन बागानला पहिल्यांदा आयएफए शील्डमध्ये उतरायला मिळालं. गॉर्डन हायलँडर्स पलटणीने 3–0 हरवून घरी पाठवलं. 1893 पासून चालत आलेली ही स्पर्धा तोवर एकाही भारतीय संघाने जिंकली नव्हती. पलटणी आणि गोऱ्यांचे क्लब, यांच्यातच ती फिरत होती.

मग आलं 1911. जुलैच्या दहा तारखेला सेंट झेवियर्सला 3–0, नंतर रेंजर्सला 2–1, मग रायफल ब्रिगेडला 1–0. उपांत्य फेरीत मिडलसेक्स पलटण होती आणि तिचा गोलरक्षक पिगॉट हा नावाजलेला. पहिला सामना 1–1 बरोबरीत सुटला. 26 जुलैला पुन्हा खेळले. त्या सामन्यात अभिलाष घोषशी झालेल्या टकरीत पिगॉटच्या डोळ्याला इजा झाली आणि मोहन बागान 3–0 ने जिंकलं. हा भाग मी मुद्दाम लिहितोय. या विजयगाथेत अनवाणी पोरांनी मार खाल्ल्याचं सगळे सांगतात, पण हा संघ धडक द्यायलाही कचरत नव्हता.

अंतिम सामना 29 जुलैला, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. या पलटणीला मी श्रीमंत प्रतिस्पर्धी म्हणतो, ते पैशापुरतं नाही. क्लबाच्या पाठीशीही सुखवस्तू घराणी होतीच, ते लपवायचं कारण नाही. पण पलटणीच्या खेळाडूचा पगार, खाणं, व्यायाम, बूट, वैद्यक सगळं सरकारी. इकडचे अकराजण नोकरी, शिकवणी, कॉलेज सांभाळून मैदानावर येणारे. सेंटर फॉरवर्ड अभिलाष स्कॉटिश चर्च कॉलेजात शिकत होता. बॅक सुधीर चॅटर्जी मिशनच्या कॉलेजात शिकवत होते आणि अकराजणांत पायात बूट असलेले ते एकटेच. गोलात हिरालाल मुखर्जी, सुधीरबाबूंचा जोडीदार भूती सुकुल, मधल्या फळीत मनमोहन मुखर्जी, राजेंद्रनाथ सेनगुप्ता आणि नीलमाधव भट्टाचार्य, पुढे उजवीकडे कानू राय आणि हबुल सरकार. ही नावं बंगालात आजही ‘अमर एकादश’ म्हणून घेतली जातात.

त्या दिवशी कलकत्त्याबाहेरून खास आगगाड्या आणि आगबोटींनी लोक आले. गर्दी साठ हजारांच्या वर होती, असा अंदाज तेव्हाच्या वृत्तपत्रांनी दिला. दोन रुपयांचं तिकीट पंधराला विकलं गेलं. बसायला जागा होती ती थोड्यांनाच. बाकीच्यांसाठी लाकडी खोकी भाड्याने मिळत होती, त्यांवर उभं राहून पाहायचं. मागच्यांना काहीच दिसत नव्हतं, म्हणून गोल झाला की आकडा लिहिलेला पतंग उडवायचा, अशी सोय केलेली होती.

पहिल्या अर्ध्यात गोल नाही. दुसऱ्या अर्ध्यात पलटणीच्या जॅक्सनला फ्री किक मिळाली आणि तिच्यावर त्याने गोल केला. आकाशात इंग्रजांच्या नावाचा पतंग चढला. वीस वर्षं देशी संघांचं जे होत आलं तेच आता होणार, असं वाटायची ती वेळ. दम टिकवायच्या सरावाचा कस इथे लागला. पिछाडीवर पडल्यावरही त्यांचा वेग पडला नाही. शिबदासने डावीकडून घुसून बरोबरी केली. वेळ संपत आली होती. शिबदास पुन्हा चेंडू घेऊन निघाला आणि बचावपटू त्याच्यावर तुटून पडले. सगळ्यांना वाटलं हा स्वतःच मारणार, पण त्याने चेंडू मोकळ्या असलेल्या अभिलाषकडे सरकवला. अभिलाषने तो जाळ्यात घातला. 2–1. कर्णधाराने स्वतःचा दुसरा गोल सोडून पास दिला, तो क्षण मला त्या सामन्याचा कळस वाटतो.

सामन्यानंतरची एक आख्यायिका बंगालात घरोघरी सांगतात. फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून एका ब्राह्मणाने विचारलं, ते कधी उतरणार? खेळाडू म्हणाला, पुन्हा शील्ड जिंकू तेव्हा. ती पुन्हा जिंकली 1947 साली, ईस्ट बंगालला 1–0 हरवून. म्हणून तर ही गोष्ट टिकली.

मधली छत्तीस वर्षं मात्र कठीण गेली. शील्ड जिंकूनही कलकत्ता लीगची दारं लगेच उघडली नाहीत. तिथे देशी संघांना मोजक्याच जागा होत्या. दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला 1914 ला, पहिल्या श्रेणीत 1915 ला, आणि लीग जिंकायला 1939 उजाडलं. 1923 मध्ये ते मुंबईत रोव्हर्स कप खेळायला आले. थेट अंतिम फेरी गाठली, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने 4–1 हरवलं. मुंबईतला तो कप जिंकायला त्यांना 1955 पर्यंत थांबावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू पालटलं. क्लब मोठा झाला, पेले असलेल्या न्यूयॉर्क कॉसमॉसशी 1977 मध्ये ईडन गार्डन्सवर 2–2 बरोबरीत खेळला. 1998 ला मद्य उद्योगातल्या बड्या समूहाशी भागीदारी झाली. गल्लीतल्या वाड्याच्या नावाचा क्लब आता देशातल्या धनवान क्लबांत गणला जाऊ लागला.

आणि मग 2017 चा आय-लीगचा हंगाम. या वेळी गल्लीतला संघ दुसराच होता. मिझोरमचा ऐजॉल एफसी आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धा सोडल्यामुळे जागा रिकामी झाली, तेव्हा त्याला परत घेतलं. प्रशिक्षक खालिद जमील. मुंबईकरांना हे नाव ठाऊक आहे, अनेक वर्षं ते मुंबई एफसी या संघाचे प्रशिक्षक होते. शेवटून दुसऱ्या फेरीत, 22 एप्रिलला, समान गुणांवर असलेले ऐजॉल आणि मोहन बागान ऐजॉलच्या मैदानावर भिडले. खऱ्या अर्थाने अंतिम सामना तोच. शेवटच्या टप्प्यात झोहमिंगलियाना राल्तेने डोक्याने गोल केला आणि ऐजॉल 1–0 ने जिंकलं. आठवड्याभराने शिलाँग लाजाँगशी 1–1 बरोबरी झाली, 37 गुण झाले, मोहन बागान 36 वर राहिलं. ईशान्येकडच्या संघाने देशाची अव्वल लीग जिंकण्याची ती पहिली वेळ.

2020 मध्ये मोहन बागान एटीके या फ्रँचायझीशी एकत्र येऊन इंडियन सुपर लीगमध्ये गेला. नावापुढे लागलेल्या ‘एटीके’विरुद्ध समर्थकांनी सतत आवाज उठवला आणि मार्च 2023 मध्ये लीगची अंतिम लढत जिंकल्यावर मालकांनी ते काढायचं जाहीर केलं. ऐजॉलला मात्र विजेतेपदानंतरही इंडियन सुपर लीगचं दार उघडलं नाही. तिथला प्रवेश तेव्हा गुणांवर नव्हता, फ्रँचायझीच्या पैशावर होता. 1911 ची शील्ड जिंकून मोहन बागान लीगच्या दाराबाहेर तीन वर्षं थांबला होता. ऐजॉल त्याहून अधिक काळ थांबला.