बहिणीच्या लग्नासाठी मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज : दहावीसाठी नमुना

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत पत्रलेखनाला ६ गुण असतात. घरच्या लग्नासाठी शाळेकडे रजा मागणे हा त्यातल्या विनंतीपत्राचा अगदी सोपा वाटणारा विषय आहे. सोपा वाटतो म्हणूनच इथे गुण जातात. मुलं लग्नाचं वर्णन छान करतात, पण रजा नेमकी कधीपासून कधीपर्यंत हवी, हेच अर्जात सापडत नाही.

आपण एक उदाहरण घेऊ. हिंगोलीत राहणारी दहावीची एक विद्यार्थिनी आहे. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न ११ डिसेंबर २०२५ रोजी औंढा नागनाथ येथे आहे. १० तारखेला हळद. लग्नानंतर धाकटी बहीण पाठराखीण म्हणून नवरीसोबत परभणीला जाणार, आणि १२ तारखेला तिथे सत्यनारायणाची पूजा आहे. म्हणजे शाळा तीन दिवस बुडणार.

आता तारखांचा हिशेब. १० ते १२ म्हणजे किती दिवस? पुष्कळ मुलं १२ मधून १० वजा करून ‘दोन दिवस’ लिहितात. पण १०, ११ आणि १२ या तिन्ही दिवशी ती शाळेत नसणार, म्हणून रजा तीन दिवसांची. तारखा बोटांवर मोजा, वजाबाकी करू नका. शिवाय ‘१२ तारखेपर्यंत’ म्हटल्यावर १२ तारीख धरायची की नाही, अशी शंका कुणालाही येऊ शकते. त्यावर उपाय साधा आहे : शाळेत परत कधी येणार ती तारीखही लिहायची.

दुसरा घोटाळा अर्जाच्या तारखेचा होतो. परीक्षा असते फेब्रुवारी-मार्चमध्ये. सवयीने मुलं वर त्या दिवसाची तारीख टाकतात आणि खाली डिसेंबरमधल्या लग्नासाठी रजा मागतात. लग्न होऊन गेल्यावर रजा मागितल्यासारखं ते दिसतं. प्रश्नात तारीख दिली असेल तर तीच घ्या. नसेल तर तुम्ही ठरवा, पण अर्जाची तारीख रजेच्या दोन-तीन दिवस आधीची हवी. वार मात्र लिहू नका. परीक्षेत दिनदर्शिका हाताशी नसते, आणि चुकलेल्या वारापेक्षा न लिहिलेला वार बरा.

हे सगळं धरून अर्ज असा होईल :

दिनांक : ८ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
अ. ब. क. विद्यालय,
हिंगोली - ४३१५१३.

विषय : बहिणीच्या लग्नासाठी तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या विद्यालयात इयत्ता दहावी ‘अ’ मध्ये शिकत आहे. माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न दि. ११ डिसेंबर २०२५ रोजी औंढा नागनाथ येथे आहे. आदल्या दिवशी हळदीचा कार्यक्रम आहे, तर लग्नानंतर मला पाठराखीण म्हणून तिच्यासोबत परभणीला जायचे आहे. त्यामुळे दि. १० ते १२ डिसेंबर २०२५ या तीन दिवशी मी शाळेत उपस्थित राहू शकणार नाही.

दि. १३ डिसेंबर रोजी मी शाळेत हजर होईन. या तीन दिवसांत वर्गात शिकवलेला भाग मैत्रिणींच्या वह्यांवरून पूर्ण करून विषय शिक्षकांना दाखवीन. तरी कृपया मला तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
क. ख. ग.
इयत्ता दहावी ‘अ’
ता. जि. हिंगोली - ४३१५१३.
ई-मेल : abc@example.com

यात सत्यनारायणाच्या पूजेचा उल्लेख नाही, हे लक्षात आलं असेल. तिसऱ्या दिवसाचं कारण ‘पाठराखीण’ या एका शब्दात आलेलं आहे, मुख्याध्यापकांना तेवढं पुरतं. मंगल कार्यालय कोणतं, वऱ्हाड किती, मुहूर्त किती वाजताचा, यातलं काहीही लिहायची गरज नाही. उलट कारण नुसतं ‘घरगुती कार्यक्रम’ असं ठेवलं, तर तीन दिवस कशाला, हा प्रश्न उरतो. प्रत्येक दिवसाचं कारण कळावं, त्याहून जास्त काही नको.

मांडणीकडे बघा. दिनांक, प्रति, विषय, मजकूर आणि शेवटी पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता-ई-मेल, सगळं डाव्या बाजूला. सध्याच्या अभ्यासक्रमात औपचारिक पत्र ई-मेलच्या धर्तीवर असंच लिहायचं असतं. घरातल्या दादा-ताईंनी शिकवलेल्या जुन्या पद्धतीत पाठवणाऱ्याचा पत्ता वर उजवीकडे यायचा. दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली की पत्ता दोनदा लिहिला जातो. जुन्या पुस्तकांतला आणखी एक धोका आहे : हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर औंढा, वसमत, कळमनुरी ही गावं ‘जि. परभणी’ म्हणून दिसतात. पत्ता उतरवताना ते पाहून घ्या.

उत्तरपत्रिकेत स्वतःचं किंवा शाळेचं खरं नाव लिहायचं नाही. प्रश्नात नाव दिलं असेल तर ते, नाहीतर अ. ब. क.

शब्दांबद्दल थोडं. सुट्टी सगळ्यांना असते, रजा एकट्याने मागायची असते. बोलताना आपण ‘सुट्टी द्या सर’ म्हणतो, ते ठीक, अर्जात मात्र ‘रजा’ शोभते. दहावीपर्यंतच्या शाळेत मुख्याध्यापक असतात, ‘प्राचार्य’ हा शब्द कनिष्ठ महाविद्यालयाचा. प्रश्नातच प्राचार्य म्हटलं असेल तर तेच ठेवा. प्रश्नात मुख्याध्यापिका असतील तर खाली ‘महोदया’ हवं. ‘स. न. वि. वि.’, ‘साष्टांग नमस्कार’ या अर्जात नको, ते घरच्या पत्रात.

गाईडमधला अर्ज पाठ करणाऱ्यांची एक हमखास चूक सांगतो. नमुना मुलाचा असतो आणि लिहिणारी मुलगी असते. मग वर ‘मी शिकत आहे’ ठीक जातं, पण शेवटी ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ येतं. आणि ‘विद्यार्थिनी’ मधला ‘र्थि’ ऱ्हस्व आहे, ‘विद्यार्थीनी’ चूक. ‘मुख्याध्यापक’ मध्येही ‘ख्या’ला काना आहे, ‘मुख्यध्यापक’ नाही.

हाच अर्ज खरोखर शाळेत द्यायचा असेल तर अ. ब. क. च्या जागी खरी नावं घाला, खाली आई किंवा वडिलांची सही घ्या, लग्नपत्रिका जोडा आणि आधी वर्गशिक्षकांकडे द्या. त्या तीन दिवसांत घटक चाचणी, तोंडी परीक्षा किंवा प्रयोग असेल तर ते अर्जातच लिहा आणि दुसरी तारीख मागा. रजा मंजूर झाली म्हणून चाचणी आपोआप पुढे जात नाही.