महानगरातील लोहमार्ग वाहतुकीचे प्रकार

महानगरातील लोहमार्ग वाहतुकीचे प्रकार म्हणजे एकाच शहरात प्रवाशांची ने-आण करणाऱ्या, परंतु रचना, क्षमता आणि व्यवस्थापन यांत भिन्न असलेल्या प्रणाली होत. उपनगरी रेल्वे, मेट्रो, मोनोरेल आणि लाइट रेल हे त्यांतील चार प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या तीन प्रकारांचे मार्ग मुंबईत उभारले गेल्याने त्यांतील भेद समजून घेण्यासाठी हे शहर उपयुक्त उदाहरण ठरते. लाइट रेल मुंबईत नाही. मात्र तिची पूर्वज असलेली ट्राम शहरात ३१ मार्च १९६४ पर्यंत धावत होती.

## ओळखण्याची कसोटी

मार्ग जमिनीवर आहे, उन्नत आहे की भुयारी आहे, यावरून प्रकार ठरत नाही. चेन्नईतील एमआरटीएस हा बहुतांश उन्नत मार्ग असूनही तो भारतीय रेल्वेची उपनगरी सेवा म्हणून उभारला गेला. रुळांमधील अंतरही निर्णायक नसते. मुंबई मेट्रो १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाणमापी रुळांवर धावते, तर दिल्ली मेट्रोचे सुरुवातीचे मार्ग भारतीय रेल्वेप्रमाणेच १,६७६ मिलिमीटर रुंद आहेत. त्यापेक्षा विश्वसनीय कसोटी म्हणजे त्या मार्गावरून आणखी कोण जाते हा प्रश्न. उपनगरी गाडीचे लोहमार्ग देशाच्या रेल्वेजाळ्याचा भाग असतात. मेट्रोचा मार्ग केवळ मेट्रोचा असतो. मोनोरेलच्या तुळईवर दुसरे कोणतेही वाहन चालूच शकत नाही. लाइट रेल काही ठिकाणी रस्त्यावरील वाहनांसोबत धावते.

## उपनगरी रेल्वे

मुंबईत ‘लोकल’ या नावाने ओळखली जाणारी उपनगरी रेल्वे पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे हे भारतीय रेल्वेचे दोन विभाग चालवतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या गाडीच्या मार्गावरच आजची मध्य रेल्वेची मुख्य मार्गिका उभी आहे. विजेवरील सेवा ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झाली.

लोकल सामान्यतः १२ किंवा १५ डब्यांची असते. १२ डब्यांच्या गाडीची लांबी सुमारे २५० मीटर भरते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कल्याण या पट्ट्यात धीम्या आणि जलद गाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका आहेत. धीमी गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते, तर जलद गाडी अनेक स्थानके वगळते. मेट्रोत सहसा न आढळणारा हा भेद नवख्या प्रवाशाची सर्वाधिक फसगत करतो. उदाहरणार्थ, कुर्ल्याहून शीवला जाणारा प्रवासी जलद गाडीत बसला, तर शीव मागे टाकून तो थेट दादरला पोहोचतो. फलाटावरील दर्शकावर गंतव्यस्थान व वेळेसोबत दिसणारे `F` हे अक्षर जलद आणि `S` हे धीमी गाडी दर्शवते. त्यालगतचा अंक डब्यांची संख्या सांगतो.

लोहमार्ग सामायिक असल्याचा परिणाम वेळापत्रकावर होतो. लांब पल्ल्याच्या गाडीला झालेला उशीर त्याच मार्गिकेवरील लोकलपर्यंत पोहोचू शकतो. स्थानकांत प्रवेशासाठी स्वयंचलित फाटक नसते; तिकीट किंवा पास जवळ बाळगणे ही प्रवाशाची जबाबदारी असून तिकीट तपासनीस गाडीत वा फलाटावर पडताळणी करतो. डब्यांचे प्रथम वर्ग, द्वितीय वर्ग आणि महिलांसाठी राखीव असे विभाग असतात. द्वितीय वर्गाच्या तिकिटावर प्रथम वर्गात बसल्यास दंड होतो.

## मेट्रो

मेट्रो ही शहरांतर्गत दाट वाहतुकीसाठी बांधलेली, संपूर्णपणे विलग मार्गाची प्रणाली आहे. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही ११.४ किलोमीटर लांबीची आणि १२ स्थानकांची मुंबईतील पहिली मार्गिका ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. म्हणजे तिच्या दोन स्थानकांत सरासरी सुमारे एक किलोमीटर अंतर आहे. या मार्गिकेवर चार डब्यांच्या गाड्या धावतात. आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका ३ मात्र आठ डब्यांच्या गाड्यांसाठी बांधलेली आहे.

मेट्रोची गाडी लोकलपेक्षा आखूड असली, तरी दुसऱ्या वाहतुकीचा अडथळा नसल्याने ती थोड्या अंतराने आणि नियमित सोडता येते. फलाटावर जाण्यापूर्वी तिकीट किंवा कार्ड स्वयंचलित फाटकाला दाखवावे लागते आणि बाहेर पडतानाही तेच करावे लागते. डबे वातानुकूलित असून चालत्या गाडीत दारे बंद राहतात.

## मोनोरेल

मोनोरेलला दोन रूळ नसतात. काँक्रीटच्या एकाच तुळईला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन गाडी रबरी चाकांवर धावते. अरुंद खांब आणि तीव्र वळणे शक्य असल्याने दाट वस्तीतून ती नेता येते. मुंबईत वडाळा ते चेंबूर हा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि वडाळा ते संत गाडगे महाराज चौक हा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. एकूण लांबी सुमारे २० किलोमीटर असून गाडी चार लहान डब्यांची होती.

या रचनेच्या मर्यादा १९ ऑगस्ट २०२५ रोजी उघड झाल्या. अतिवृष्टीमुळे हार्बर मार्गावरील लोकल बंद पडल्या आणि तेथील गर्दी मोनोरेलकडे वळली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या स्पष्टीकरणानुसार, १०४ टन भारासाठी आखलेल्या गाडीचे वजन सुमारे १०९ टनांवर गेले. त्यामुळे वीजवाहिनी आणि वीजग्राहक यांच्यातील संपर्क तुटून गाडी म्हैसूर कॉलनीजवळ थांबली. वीज गेल्याने वातानुकूलनही बंद पडले. तुळईलगत चालण्याची वाट नसल्याने प्रवाशांना स्वतःहून बाहेर पडता आले नाही आणि अग्निशमन दलाने पाचशेहून अधिक जणांना शिड्यांच्या साहाय्याने उतरवले. २० सप्टेंबर २०२५ पासून ही सेवा आधुनिकीकरणासाठी थांबवण्यात आली. पूरक म्हणून बांधलेली मोनोरेल उपनगरी रेल्वेची गर्दी पेलू शकत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

## लाइट रेल

लाइट रेलमधील ‘लाइट’ हा शब्द मुख्यतः कमी प्रवासीक्षमतेचा निदर्शक आहे. ही ट्रामची सुधारित आवृत्ती होय. गाडी काही भागांत स्वतंत्र मार्गावरून, तर काही भागांत रस्त्यावरून धावते आणि चौकातील सिग्नल पाळते. त्यामुळे तिचा वेग रस्त्यावरील वाहतुकीवर अवलंबून राहतो. नाव मात्र दिशाभूल करू शकते : लंडनमधील डॉकलँड्स लाइट रेल्वे पूर्णतः विलग मार्गावर चालकाविना धावते आणि त्या दृष्टीने मेट्रोला जवळची ठरते. भारतात कोलकात्याची ट्राम हे रस्त्यावरील रुळांचे परिचित उदाहरण आहे. कमी गर्दीच्या शहरांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ नावाने या प्रकारची मानके प्रसिद्ध केली.

## एका प्रवासातील भेद

वर्सोव्याहून शीवला जाणारा प्रवासी घाटकोपरपर्यंत मेट्रोने येतो. तेथे तो फाटकातून बाहेर पडतो आणि जोडपुलावरून रेल्वे स्थानकात जातो. मेट्रोचे तिकीट येथे संपते. लोकलसाठी रेल्वेचे तिकीट २०२५ पर्यंत वेगळे काढावे लागत होते, कारण दोन्ही सेवांचे चालक भिन्न आहेत. मेट्रोत त्याला केवळ दिशा पाहावी लागली होती. लोकलसाठी मात्र दिशा, धीमी की जलद आणि डब्याचा वर्ग अशा तीन गोष्टी तपासाव्या लागतात. शीवसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दिशेची धीमी गाडीच घ्यावी लागते.