तळटीप : अल्फा ०.७८, पण कशाचा?

* कामोठ्यात एमजीएमचे नर्सिंग कॉलेज आणि रुग्णालय शेजारीच आहे, त्यामुळे विद्यार्थिनींच्या ताणावरचा प्रकल्प तिथे सहज सुचणारा. त्यासाठी कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ची ताणमापन श्रेणी वापरतात. तिच्या दहा प्रश्नी आवृत्तीत प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असतात.

या श्रेणीसाठी काढला जाणारा ‘क्रॉनबाख अल्फा’ हा अंतर्गत सुसंगतीचा आकडा आहे. दहाही प्रश्नांची उत्तरे एका दिशेने वर-खाली होतात का, एवढेच तो सांगतो. समजा, दहा प्रश्नांच्या प्रचरणांची बेरीज १२ आणि एकूण गुणांचे प्रचरण ४० आले. मग १२ भागिले ४० म्हणजे ०.३, ते १ मधून वजा करून दहा-नवमांशाने गुणले की अल्फा ०.७८.

घोळ होतो तो चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि आठव्या प्रश्नांत. ते सकारात्मक आहेत, म्हणून त्यांचे गुण उलटवावे लागतात. ते राहून गेले तर बेरीज १२च राहते, पण एकूण प्रचरण, समजा, १५वर येते आणि अल्फा ०.२२पर्यंत घसरतो. प्रश्न आणि उरलेल्या गुणांचा सहसंबंध तपासला की ऋण चिन्ह चूक दाखवते.

वैधता मात्र वेगळी. सगळ्याजणी नाइट ड्युटी संपवून आल्या असतील, तर उत्तम अल्फा असूनही श्रेणी ताणाऐवजी थकवा मोजत असेल. म्हणून तज्ज्ञांकडून मराठी प्रश्न तपासून घ्यावेत आणि झोपेचे तासही नोंदवावेत.