जारक गेला, विधेयक राहिले

नागपूर ही जुन्या मध्यप्रांताची राजधानी होती, तेव्हा डॉ. रघुवीर इथे हिंदीसाठी पारिभाषिक शब्द घडवत होते. त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश 1955 साली आला. त्यांचे म्हणणे असे की शब्द एकटा घेऊ नये, त्याचे कुटुंब बघावे. 'वि' उपसर्ग आणि 'धा' धातू घेतला की विधि, विधान, विधेयक, विधायक असे शब्द एका ओळीत मिळतात. मला हे पटते. 'कायदा' हा अरबीतून आलेला शब्द आपल्या घरचाच. त्यापासून कायदेशीर, बेकायदा होते, पण मसुद्याला वेगळा शब्द लागतोच.

रसायनशास्त्रात मात्र हीच रीत अडली. त्यांनी ऑक्सिजनला जारक आणि कार्बनला प्रांगार म्हटले. मग कार्बन डायऑक्साइड झाला प्रांगार द्विजारेय. आता आग विझवायच्या नळकांड्याची हिंदी माहितीपुस्तिका घ्या. नळकांड्यावर CO₂ लिहिलेले, पुस्तिकेत प्रांगार. कामगाराने दोन्ही जुळवायचे कसे?

1961 साली केंद्राने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. मूलद्रव्ये, संयुगे, मापाची एकके आणि माणसांच्या नावावरून पडलेले शब्द तसेच ठेवायचे, संकल्पनांना भारतीय शब्द द्यायचे, असे त्याचे धोरण ठरले. म्हणून ऑक्सिजन टिकला, जारक कोशातच राहिला.

विधेयक मात्र आपण मराठीतही रोज बोलतो. आणि ते मांडणाऱ्या विधायकाला? आपण अजून आमदारच म्हणतो.