क्रायलॉव्ह उपअवकाश: तापीकाठच्या भूजलाचे गणित

यावल, रावेर भागातील तापीच्या गाळात भूजलाची पातळी संगणकावर काढायची, तर जमिनीची चौकटींत विभागणी करतात. १०० किमी लांब व तितक्याच रुंद प्रदेशाचे १०० मीटरचे चौकोन पाडले, तर १० लाख चौकोन होतात, म्हणजे १० लाख अज्ञात पातळ्या आणि तितकीच समीकरणे. त्यांची पूर्ण मॅट्रिक्स साठवायला सुमारे ८ टेराबाइट जागा लागेल. पण प्रत्येक चौकोनाचा संबंध फक्त चार शेजाऱ्यांशी येतो. त्यामुळे जवळजवळ सगळ्या जागी शून्य असते आणि अशा मॅट्रिक्सने सदिशाला गुणणे स्वस्त पडते.

क्रायलॉव्ह पद्धती एवढ्याच क्रियेवर चालतात. उजव्या बाजूचा सदिश b आणि मॅट्रिक्स A असेल, तर b, Ab, A²b… यांच्या मिश्रणांतून जे सदिश तयार होतात, त्यांच्या समूहाला क्रायलॉव्ह उपअवकाश म्हणतात. हे नाव रशियन नौका-अभियंता अलेक्सेई क्रायलॉव्ह यांच्या १९३१ च्या लेखावरून आले.

एक छोटे उदाहरण पाहू. डावीकडे १ मीटर पातळीचा कालवा, उजवीकडे ० पातळीची नदी आणि मध्ये समान अंतरावर तीन विहिरी आहेत. जमीन एकसारखी असेल, तर प्रत्येक विहिरीची पातळी दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी असते:

```
2x - y = 1
-x + 2y - z = 0
-y + 2z = 0
```

येथे b = (1, 0, 0), Ab = (2, -1, 0), A²b = (5, -4, 1). प्रत्येक गुणाकाराला कालव्याची खबर एक विहीर पुढे सरकते. दोनच सदिश घेतले, तर तिसऱ्या विहिरीची पातळी शून्यच राहते. तिन्ही घेतल्यावर 2.5b - 1.5Ab + 0.25A²b = (0.75, 0.5, 0.25) हे अचूक उत्तर मिळते.

मोठ्या प्रश्नात दहा लाख पावले टाकत नाहीत, काही पावलांत पुरेसे जवळचे उत्तर शोधतात. मात्र नुसता गुणाकार करत गेल्यास सदिश एकाच दिशेला झुकतात आणि संगणकाला ते वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून प्रत्येक नवा सदिश आधीच्यांना लंब करून घेतात. सममित, धन मॅट्रिक्ससाठी हेस्टेनिस व स्टीफेल यांची १९५२ ची कॉन्ज्युगेट ग्रेडियंट पद्धत हे काम थोड्या स्मृतीत करते.

अडचण येते ती जमीन एकसारखी नसते तेव्हा. तापीच्या गाळात वाळू व चिकणमातीचे थर आहेत, तर धुळ्याच्या बेसॉल्टमध्ये लांबच लांब डाइक. पाणी एका ठिकाणी सहज वाहते, शेजारीच अडते. मग b - Ax ही उरलेली चूक पावलोपावली कमी होण्याऐवजी बराच काळ जवळजवळ तिथेच रेंगाळते. त्यावर उपाय म्हणजे A च्या व्यस्ताची सोपी, ढोबळ प्रतिकृती आधी लावणे. भूजलासाठी वापरल्या जाणाऱ्या मॉडफ्लो या प्रणालीतील PCG सॉल्व्हर असेच करतो.

ही चूक शून्याजवळ आली, म्हणजे समीकरणे सुटली. चिकणमातीची पारगम्यता चुकीची भरली असेल, तर विहिरीतली खरी पातळी तरीही वेगळीच निघेल.