थुंकीतला लाल धागा

आई तिच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगायची. मामा गिरणीत कामाला होता. एका पावसाळ्यात खोकताना कफात रक्त आलं, आणि घरच्यांनी तो जणू गेलाच असं धरलं. त्याचं ताट-वाटी वेगळं झालं. कुणीतरी मिरजेचं नाव सुचवलं म्हणून त्याला वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये नेलं. तिथे व्हरांड्यात ओळीने खाटा होत्या. झाकणाच्या डब्यात थुंकायचं, आणि रोज सकाळी त्यातला रंग पाहिला जायचा. आधी बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरली, म्हणजे आजारी फुप्फुस दबून विसावा घेईल. मग स्ट्रेप्टोमायसिन आलं, सोबत पासच्या मूठभर कडू गोळ्या. त्या गिळताना मामाला ओकारी यायची, पण तो बरा झाला.

या गोष्टीतून आमच्या घरात एक समज पक्का बसला: थुंकीत रक्त म्हणजे क्षय. तो अर्धाच खरा आहे, हे मामाच्याच दुसऱ्या दुखण्याने आम्हाला कळलं.

तेव्हा त्याने पंचाहत्तरी ओलांडली होती. थंडीत खोकला लागला आणि कफात तांबडे धागे दिसू लागले. शेजारचे निवृत्त कंपाउंडर म्हणाले, "खोकून खोकून नळीचं अस्तर सोललंय. चार दिवसांत थांबेल." ते चुकीचं नव्हतं. सर्दीनंतरच्या ब्राँकायटिसमध्ये असे धागे बऱ्याचदा दिसतात आणि खोकला ओसरला की जातात. आत्या म्हणाली, "माझंही असंच झालं होतं, अल्सर निघाला." तिचं रक्त मात्र उलटीतून आलं होतं, काळपट आणि अन्नात मिसळलेलं. मामाचं खोकल्याबरोबर यायचं, लालभडक आणि फेसाळ. आई एकच धरून बसली: "तोच रोग परत आलाय, जुन्याच गोळ्या सुरू करा."

पाचव्या दिवशी मामाने खोकून अर्धी वाटी रक्त टाकलं. फॅमिली डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "जुना क्षय कोणत्या बाजूला होता?" उजव्या. "मग उजव्याच कुशीवर निजवा आणि तसेच रुग्णालयात आणा." असं का, ते त्यांनी नंतर समजावलं. अशा वेळी माणूस रक्त कमी झाल्याने क्वचितच जातो, तो गुदमरून जातो. श्वासनलिकांमधली सगळी जागा जेमतेम एका चहाच्या कपाएवढी. वाहणारी बाजू खाली राहिली, तर चांगलं फुप्फुस कोरडं राहतं.

एक्स-रेत उजवीकडे वरच्या भागात पन्नास वर्षांपूर्वीची पोकळी दिसली. तिच्यात एक गोल गोळा होता आणि गोळ्याच्या वर हवेची चंद्रकोर. सीटी स्कॅनसाठी पालथं निजवल्यावर तो गोळा पोकळीत घरंगळला. ती बुरशी होती. क्षय बरा होताना ठेवून गेलेल्या रिकाम्या जागेत तिने घर केलं होतं, आणि भोवतीच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या फुटत होत्या. थुंकी पुन्हा तपासली, क्षयाचे जंतू मिळाले नाहीत. आईच्या आग्रहाने जुन्या गोळ्या सुरू केल्या असत्या, तर रक्त थांबलं नसतं आणि यकृताला त्रास झाला असता.

जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन डॉक्टरांनी ती वाहणारी रक्तवाहिनी आतून बंद केली. गोळा काढायला शस्त्रक्रिया करावी का, यावर दोन सर्जनांचं एकमत झालं नाही. एवढ्या वयाला ती पेलणार नाही असं एकाचं म्हणणं, तर न काढल्यास रक्त पुन्हा येईल असं दुसऱ्याचं. मामाने नकार दिला. पुढे एकदा रक्त आलंही, थोडंसं.

त्या अनुभवातून डॉक्टरांचा हिशेब मी पाठ केला आहे. सर्दी-खोकल्यात एखाद-दुसरा धागा दिसला तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जावं. आधी नाक आणि हिरड्या पाहाव्यात, कारण पुष्कळदा रक्त तिथलंच असतं. धागे पुन्हा पुन्हा आले, वय चाळिशीपुढचं असलं, विडी-सिगारेट असली, वजन घटलं किंवा संध्याकाळी ताप येत असला, तर एक्स-रे आणि थुंकीची तपासणी टाळू नये. क्षय आणि फुप्फुसाचा कर्करोग दोन्ही असेच हळूच सुरू होतात. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. चमचाभर रक्त आलं किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, तर त्याच दिवशी जावं. रक्त अर्ध्या वाटीच्या घरात गेलं, दम लागला, चक्कर आली, किंवा एक पाय सुजून छातीत अचानक कळ आली, तर लगेच १०८. शेवटच्या खुणा फुप्फुसात अडकलेल्या गुठळीच्या असू शकतात.

आणि घरात कुणाला कधीकाळी क्षय होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ते सांगावं. कोणत्या बाजूला होता, तेही.